स्मरणिकेला उशीर: माझी टिपणं आणि सुमतीताईंना गेलेली ईमेल

(वहीतली टिपणं, ८ सप्टेंबर, रात्री)

- १४ लेख जुन्या फॉन्टमधले. बदलायला ३ दिवस धरले, लागले ९
- जुने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, छापण्यालायक नाहीत. मी हे २० ऑगस्टलाच सांगायला हवं होतं
- जाहिराती २५ ऑगस्टनंतरही येतच होत्या. ९ उशिरा. पानं १२८ ची १३२ झाली!
- अध्यक्षांचं मनोगत तीनदा बदललं (हे लिहायचं नाही)
- यूपीएसची बॅटरी गेली, दीड दिवसाचं काम पुन्हा
- गणपतीत दुसऱ्या एकाचे बॅनर घेतले. चार दिवस
- विसर्जन मिरवणुकीतल्या झांक्यांच्या रात्री रस्ते बंद (हे तर मुळीच नाही, मी त्या रात्री झांक्याच बघत होतो)
- ताईंचे दोन फोन उचलले नाहीत

(ईमेल, ९ सप्टेंबर २०२५, सकाळी)

विषय: स्मरणिकेची अंतिम फाइल २३ सप्टेंबरला, उशिराबद्दल क्षमस्व

आदरणीय सुमतीताई,

सादर नमस्कार.

स्मरणिकेची अंतिम फाइल काल, ८ तारखेला, तुमच्या हाती द्यायचं ठरलं होतं. ती तयार नाही. आता ती मंगळवार, २३ सप्टेंबरला देतो. कोजागिरीचं प्रकाशन, म्हणजे सोमवार ६ ऑक्टोबर, हलवावं लागणार नाही. हे आधी सांगतो, कारण तुमचा जीव त्यातच अडकला असणार.

शनिवारी आणि रविवारी तुमचे फोन आले आणि मी ते घेतले नाहीत. सांगण्यासारखं काही हातात नव्हतं म्हणून टाळले. उशिरापेक्षा ही चूक मोठी होती. माफ करा.

उशीर का झाला, तेही सांगतो. सर्वांत जास्त वेळ जुन्या फॉन्टने खाल्ला. ४१ लेखांपैकी १४ लेख वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. ते युनिकोडमध्ये आणताना अक्षरं जागा बदलतात. ‘कार्यक्रम’चं ‘कायर्क्रम’ होतं, ऱ्हस्व वेलांटी शब्दाच्या डोक्यावरून उडून भलत्याच अक्षराला चिकटते. सॉफ्टवेअरने बदल करून झाला की प्रत्येक ओळ डोळ्यांनीच वाचावी लागते. ‘विचार’सारखा शब्द तर चुकीचा दिसूनही डोळा बरोबरच वाचतो, म्हणून मी दोनदा वाचायला बसलो. एवढं लागेल हे मला आधी कळायला हवं होतं. तीन दिवस धरले, नऊ लागले. अंदाज माझाच चुकला.

दुसरी गोष्ट फोटोंची. स्थापनेच्या वेळचा समूह फोटो मोबाइलवर छान दिसतो, पण मला आला तो १२८० पिक्सेल रुंद आहे. ३०० डीपीआयने छापला तर जेमतेम सव्वाचार इंच होतो. पानभर केला की मागच्या रांगेतल्या आजोबांचे चेहरे पुसट पिठासारखे दिसतील, आणि त्या पानासाठीच तर लोक स्मरणिका हातात घेणार. अशा ११ फोटोंच्या मूळ प्रती पुन्हा स्कॅन कराव्या लागतील. हे मी ऑगस्टमध्येच विचारायचं होतं. मजकूर आधी, फोटो मग, असं करत बसलो. मूळ प्रती घ्यायला मी स्वतः सुदामा नगरला येतो, कोणाबरोबर पाठवू नका. उद्या, बुधवारी, संध्याकाळी साडेसहाला चालेल का? स्कॅन करून शुक्रवारी परत आणून देईन.

यूपीएसची बॅटरी गेल्यामुळे दीड दिवसाचं काम पुन्हा करावं लागलं. आता दर संध्याकाळी फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवतो. आणि एक कबुली राहिली: गणपतीच्या दिवसांत मी दुसरं एक काम घेतलं होतं. तुमचं वेळेत बसेल असं वाटलं होतं, बसलं नाही. २३ तारखेपर्यंत दुसरं काही हातात घेणार नाही.

आता नवीन तारखा:

शुक्रवार, १२ सप्टेंबर: पानं १ ते ६४, वाचायला तुमच्याकडे. जुन्या फॉन्टमधले १४ लेख याच भागात आहेत.

मंगळवार, १६ सप्टेंबर: उरलेली पानं, जाहिराती आणि नव्याने स्कॅन केलेले फोटो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर: तुमच्या दुरुस्त्या माझ्याकडे.

मंगळवार, २३ सप्टेंबर: अंतिम पीडीएफ तुम्हाला आणि छापखान्याला, सकाळी ११ च्या आत.

छापखान्याशी काल संध्याकाळी बोललो. प्लेटा, छपाई आणि बांधणी मिळून त्यांना आठ कामाचे दिवस हवेत. २८ तारखेला रविवार आणि २ ऑक्टोबरला दसरा धरून प्रती शुक्रवार, ३ ऑक्टोबरला संध्याकाळी मिळतात. कोजागिरीच्या आधी शनिवार-रविवार हाताशी राहतात, पण यापुढे एकही दिवस सरकायला जागा नाही. म्हणून १९ तारीख तुमच्याकडूनही पाळली गेली तर फार बरं. सगळ्या समितीने वाचण्यापेक्षा तुम्ही आणि आणखी एक जण, एवढेच वाचा. दुरुस्त्या लाल पेनाने एकाच प्रतीवर करा, मी येऊन घेऊन जाईन. आणि अध्यक्षांचं मनोगत आता जसं आहे तसंच पक्कं समजतो.

तुमच्याकडून एक निर्णय हवा आहे. आपण १२८ पानं धरली होती, म्हणजे सोळा पानांचे बरोबर आठ फॉर्म. नऊ जाहिराती उशिरा आल्या आणि पानं १३२ झाली. चार पानांसाठी छापखाना अर्धा फॉर्म, म्हणजे आठ पानं लावतो, तेव्हा १३६ पानांचा कागद आणि छपाई मोजावी लागेल. एक तर जाहिराती अर्ध्या पानाच्या करून १२८ वर या, नाहीतर १३६ करा आणि उरलेल्या चार पानांत माजी पदाधिकाऱ्यांची यादी आणि गणेशोत्सवाचे फोटो घाला. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे, कारण जाहिरातदारांनी पूर्ण पानाचे पैसे दिलेत आणि त्यांना अर्धं पान दाखवायला कोणी जायचं? पण खर्च मंडळाचा, निर्णय तुमचा. शनिवारपर्यंत कळवलंत तर १६ तारखेच्या पानांत तशी मांडणी करता येईल.

मानधनाबद्दल: ठरलेल्या ३८,००० पैकी १५,००० मिळाले आहेत. उरलेल्या २३,००० मधून उशिराचे ४,००० मी कमी करतो. बिल १९,००० चंच पाठवेन, आणि तेही प्रती हातात आल्यावर.

यापुढे दर सोमवारी आणि गुरुवारी रात्री आठ वाजता, काम कुठवर आलं ते मीच कळवेन. तुम्हाला फोन करावा लागणार नाही. केलात तर उचलेन.

उद्या साडेसहाला येतो. काकांना नमस्कार सांगा.

आपला,
अनिकेत
रामबाग, इंदूर