चेक परत गेल्याच्या नोटिशीचा मराठी अर्थ

काका,

नोटीस अडीच पानांची असली तरी कामाचा मजकूर पाऊण पानाचाच आहे. बाकीची वकिली मांडणी आहे. खाली परिच्छेदांच्या क्रमाने अर्थ दिला आहे. कायद्याचे शब्द इंग्रजीतले होते तसेच ठेवले आहेत, कारण वकिलाकडे आणि कोर्टात तेच कानावर येतील.

सगळ्यात आधी तारीख. नोटीस 6 जून 2025 ची आहे आणि लालबागच्या पत्त्यावर ती 10 जूनला, मंगळवारी पोचली. पंधरा दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजत नाहीत, हातात पडल्यापासून मोजतात आणि मिळाल्याचा दिवस सोडतात. म्हणजे शेवटचा दिवस 25 जून, बुधवार. पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच मिळाल्याच्या तारखेचा पुरावा.

मथळ्यातलं 'अंडर इन्स्ट्रक्शन्स फ्रॉम माय क्लायंट' म्हणजे वकील स्वतःचं मत सांगत नाहीत, कुर्ल्याच्या प्लायवुडवाल्यांनी जे सांगितलं ते लिहितात. म्हणून आतली प्रत्येक गोष्ट खरी धरायचं कारण नाही. तुम्ही 'नोटिसी नंबर 1' आणि काकू 'नोटिसी नंबर 2'. चेकवर सही फक्त तुमची आहे आणि खातं तुमच्या प्रोप्रायटरी फर्मचं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट या चेकच्या कायद्यातल्या कलम 138 चा गुन्हा चेक काढणाऱ्यावर, म्हणजे 'ड्रॉअर'वर लागतो. सही नसलेल्या जोडीदाराला त्यात ओढता येत नाही, अगदी खातं जॉइंट असतं तरी नसतं आलं. काकूंनी घाबरू नये, पण उत्तरात हा मुद्दा लिहायलाच हवा.

परिच्छेद 1 आणि 2 मध्ये मालाचा हिशेब आहे: तुम्ही मरीन प्लाय आणि लॅमिनेट घेतलं आणि त्यापोटी 3,40,000 रुपयांचा चेक दिला. इथे 'लीगली एन्फोर्सिएबल डेट ऑर लायबिलिटी' हे शब्द आले आहेत. कायद्याने वसूल करता येईल असं देणं, असा त्याचा अर्थ. खटल्याचा कणा हाच. चेकवरची सही मान्य झाली की कलम 139 खाली कोर्ट 'प्रिझम्प्शन' घेतं, म्हणजे देणं होतं असं धरूनच चालतं. ते नव्हतं किंवा एवढं नव्हतं, हे तुम्हाला दाखवावं लागतं. 'चेक नुसता सिक्युरिटी म्हणून दिला होता' एवढं सांगून सुटका होत नाही.

परिच्छेद 3 नीट वाचा. तारखा अशा: चेकवरची तारीख 5 मे, बँकेत भरला 12 मे, परत आला 14 मे, 'रिटर्न मेमो'वर शेरा 'फंड्स इन्सफिशियंट', म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नव्हते. यालाच 'डिसऑनर' म्हणतात. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस काढावी लागते. 14 मे धरला तर 13 जूनपर्यंत मुदत होती, त्यांची नोटीस 6 जूनला निघाली. चेकही तीन महिन्यांच्या आतच भरला आहे. मुदतीवर भांडण्यासारखं काही नाही, त्यात वेळ घालवू नका.

परिच्छेद 4 मात्र आपल्या उपयोगाचा आहे. ते म्हणतात, 22 एप्रिलला आलेले 90,000 रुपये आम्ही 'अ‍ॅप्रोप्रिएट' केले, म्हणजे जुन्या बिलांत जमा धरले. तुमचं म्हणणं, ते याच बिलाचे होते. यावर पुढचं सगळं ठरतं. इंडियन काँट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 59 सांगतं की पैसे देणाऱ्याने कोणत्या देण्यापोटी देतोय हे कळवलं असेल आणि समोरच्याने पैसे स्वीकारले असतील, तर ते तिथेच जमा धरावे लागतात. काही कळवलं नसेल तर कलम 60 खाली निवड घेणाऱ्याची. म्हणून एनईएफटी करताना रिमार्कच्या रकान्यात बिलाचा नंबर टाकला होता की नुसतं 'पेमेंट', हे आजच स्टेटमेंटवर बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमुक बिलाचे पाठवले' असा मेसेज गेला असेल तर तोही चालतो. नंबर सापडला तर चेक भरला त्या दिवशी देणं 2,50,000 चं होतं आणि तरीही पूर्ण 3,40,000 मागितले, असं होतं. मधे मिळालेल्या रकमेची चेकवर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 56 खाली नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक भरला तर कलम 138 लागत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा 2022 चा निकाल आहे. बचावाची खरी जागा हीच.

परिच्छेद 5 मागणीचा. 'हिअरबाय कॉल अपॉन यू टू पे' म्हणजे पैसे भरा अशी रीतसर मागणी. चेकच्या रकमेवर 18 टक्के व्याज आणि 11,000 रुपये नोटीस खर्च असं वर जोडलं आहे. चेकची रक्कम आणि हे जास्तीचे पैसे वेगळे आहेत. मुदतीत चेकची रक्कम भरली की व्याज किंवा वकिलाची फी दिली नाही म्हणून कलम 138 चा गुन्हा होत नाही. त्यासाठी त्यांना सिव्हिल दावा करावा लागेल.

परिच्छेद 6 मधलं 'फेलिंग विच' म्हणजे तसं न केल्यास. 26 जूनला 'कॉज ऑफ अ‍ॅक्शन' तयार होतं, म्हणजे तक्रारीचा हक्क निर्माण होतो, आणि तिथून एका महिन्यात तक्रार दाखल करायची असते. सबळ कारण दाखवलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. त्यांचं खातं कुर्ल्याच्या शाखेत असल्याने केस त्याच हद्दीच्या मॅजिस्ट्रेटपुढे चालेल. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा 'कंपाउंडेबल' आहे, म्हणजे तडजोडीने कधीही मिटवता येतो. कोर्ट कलम 143ए खाली चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 68,000 रुपयांपर्यंत, 'इंटरिम कॉम्पेन्सेशन' भरायला सांगू शकतं.

शेवटचं 'विदाउट प्रेज्युडिस' म्हणजे ही नोटीस दिली म्हणून आमचे बाकीचे हक्क सोडले असं नाही. हाच शब्द आपल्या उत्तरातही पहिल्या ओळीत घालायचा.

आता काय करायचं. व्यापाऱ्याला फोन करून 'थोडे दिवस थांबा, देतो' म्हणू नका, मेसेज तर मुळीच टाकू नका. तो देणं कबूल केल्याचा पुरावा म्हणून समोर येतो. उत्तर न देणं हा गुन्हा नाही, पण नंतर बचाव उभा केला की पहिला प्रश्न येतो, मग तेव्हाच का नाही लिहिलं? उत्तर वकिलाच्या सहीने स्पीड पोस्टने 20 जूनच्या आत जावं, म्हणजे पोचही हातात राहील.

रिमार्कमध्ये बिल नंबर असेल तर वाद नसलेले 2,50,000 एनईएफटीने 25 तारखेच्या आत भरून 'विदाउट प्रेज्युडिस' उत्तर पाठवावं, असं आमचं मत. नंबर नसेल तर फक्त 2,50,000 भरून गप्प बसणं धोक्याचं आहे. मग पूर्ण 3,40,000 भरून 90,000 चा हिशेब सिव्हिलमध्ये मागावा, किंवा मुदतीच्या आत लेखी तडजोड करावी. रोख देऊ नका, आणि तडजोड झाली तर मूळ चेक परत घेतल्याशिवाय कागदावर सही करू नका.

वकिलाकडे जाताना नोटीस पाकिटासकट, फेब्रुवारी ते जूनचं बँक स्टेटमेंट, या मालाची जीएसटी बिलं, डिलिव्हरी चलनं आणि त्यांच्याशी झालेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या. जुनी बिलं कधी चुकती केली त्याच्या पावत्याही, कारण परिच्छेद 4 ला उत्तर त्यातूनच निघेल.