१८ ते २० डिसेंबरच्या ग्रुप बुकिंगच्या अटी : सोप्या भाषेत

मुक्काम : मुरुड, ता. दापोली
दिनांक : ५ ऑक्टोबर २०२६

सप्रेम नमस्कार ताई,

फोनवर ठरलं ते आणि न ठरलेलंही इथे लिहून काढलं आहे. वाचून तुमच्या भिशी ग्रुपमध्ये टाका. पैसे चोवीस जणींचे आहेत, तेव्हा सगळ्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

काय ठरलं

शुक्रवार १८ डिसेंबर दुपारी १२ पासून रविवार २० डिसेंबर सकाळी १० पर्यंत, दोन रात्री. माणसं २४, खोल्या ८, प्रत्येकीत तिघी. आमच्याकडे एकूण खोल्याच आठ आहेत, म्हणजे ते दोन दिवस अख्खं घर तुमचं.

दर माणशी एका दिवसाला २,००० रुपये. त्यातले १,२०० खोलीचे आणि ८०० चहा-नाश्ता व दोन जेवणांचे. ही फोड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. २४ जणींचे दोन दिवसांचे ९६,००० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी ४,८००, मिळून १,००,८०० रुपये. दोन्ही ड्रायव्हरांची झोपायची सोय आणि जेवण आमच्याकडून, त्याचे पैसे नाहीत.

मोठी बस आणू नका. आमच्या पाखाडीत ती वळत नाही, आणि बॅगा डोक्यावर घेऊन अर्धा किलोमीटर चालावं लागतं. दोन टेम्पो ट्रॅव्हलर आरामात वाडीत येतात.

पैसे कधी द्यायचे

१५ ऑक्टोबरपर्यंत ३०,००० आगाऊ. हे आले की खोल्या तुमच्या, तोपर्यंत त्या मोकळ्या समजल्या जातील. ३ डिसेंबरपर्यंत ४०,०००. उरलेले ३०,८०० पोचल्यावर संध्याकाळी, चहा झाल्यावर. प्रत्येक वेळी पावती मिळेल.

सगळं बुकिंग रद्द करायचं झालं तर

१८ नोव्हेंबरपर्यंत कळवलंत तर २,००० ठेवून २८,००० परत. दिवाळी होऊन आठवडा झालेला असेल, तुमच्या घरच्या लग्नकार्याच्या तारखाही कळलेल्या असतील, म्हणून ही मुदत मुद्दाम तिथे ठेवली आहे.

१९ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या काळात कळवलंत तर आगाऊतले निम्मे, म्हणजे १५,००० परत. दुसरा हप्ता आधीच भरला असेल तर तो पूर्ण परत.

४ ते ११ डिसेंबरमध्ये आम्ही ४८,००० ठेवू आणि ७०,००० मधले २२,००० परत करू. ही रक्कम मोठी वाटेल. पण नाताळाच्या आधीचा शनिवार-रविवार असतो. आठही खोल्या तुमच्यासाठी धरल्यामुळे महिनाभर आम्ही येणाऱ्या प्रत्येक फोनला नाही म्हटलेलं असतं, आणि आठवडाभरात अख्खं घर भरेल असा ग्रुप सहसा मिळत नाही.

१२ डिसेंबरपासून पुढे कळवलंत तर भरलेले ७०,००० परत मिळणार नाहीत. उरलेले ३०,८०० मात्र आम्ही मागणार नाही. आणि एक शब्द आमच्याकडून : ४ डिसेंबरपासून पुढे तुम्ही सोडलेली एखादी खोली त्याच दोन्ही रात्रींसाठी दुसऱ्या कुणी घेतली, तर त्या खोलीमागे ६,००० रुपये तुम्हाला परत देऊ, मात्र एकूण परतावा तुम्ही भरलेल्या रकमेहून जास्त होणार नाही. एकाच खोलीचे पैसे दोन ठिकाणांहून घेणं बरं नव्हे. तसंही १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की करार मोडल्यावर वाजवी भरपाईच मागता येते, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या वर नाही. म्हणून आकडे इथेच लिहून ठेवले.

दोन-चार जणी गळाल्या तर

खरं तर हेच नेहमी होतं. नातवाला ताप येतो, कुणाचा गुडघा धरतो. ३ डिसेंबरपर्यंत २० जणींपर्यंत संख्या कमी करा, काही आकार नाही. २० च्या खाली गेलात तर दर २,२०० होईल.

३ डिसेंबरनंतर पहिल्या दोघींचं काहीच लागणार नाही. तिसरीपासून खोलीचे १,२०० प्रमाणे दोन दिवसांचे २,४०० लागतील. जेवणाचे १,६०० लागणार नाहीत, फक्त १५ डिसेंबर संध्याकाळपर्यंत सांगा. १६ ला आम्ही दापोलीला बाजाराला जातो, नंतर सांगितलंत तर जेवणाचेही धरावे लागतील.

समजा १० डिसेंबरला चार जणी गळाल्या. येणाऱ्या २० जणींचे ८०,०००, वरच्या दोघींचे खोलीपुरते ४,८००, मिळून ८४,८००. कर ४,२४०. बिल ८९,०४०. एवढंच.

कळवायचं कसं

व्हॉट्सॲपवर लिहून, संध्याकाळी ६ च्या आत. फोनवर सांगितलेलं धरणार नाही. इथे रेंजचा भरवसा नाही, आणि गेल्या मे महिन्यात एका ग्रुपने म्हणे 'फोनवर कळवलं होतं'. आम्ही मात्र तीस नारळ खवून, सुरमई साफ करून फाटकाकडे बघत बसलो होतो. तुमचा मेसेज आला की आम्ही 'मिळाला' असं उत्तर देऊ. ते आलं नाही तर पुन्हा पाठवा. परतावा सात दिवसांत, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात.

पाऊस, वादळ आणि आमची चूक

नुसत्या पावसाच्या अंदाजावर रद्द केलंत तर वरचेच नियम लागतील. पण प्रशासनाने पर्यटकांना येऊ नका सांगितलं किंवा घाट-रस्ता बंद केला, तर एक पैसाही ठेवणार नाही. तारीख वर्षभरात कधीही बदला, नाहीतर सगळे पैसे परत घ्या. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आम्ही पाहिलंय, अशा दिवशी कुणी इकडे यावं असं आम्हालाही वाटत नाही.

आमच्याकडून रद्द झालं तर तीन दिवसांत पूर्ण रक्कम परत. किंवा, तुम्हाला चालणार असेल तर, गावातच तशाच खोल्या बघून देऊ आणि वरचा फरक आम्ही भरू.

वीज गेली तर दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर चालतात, एसी चालत नाही. त्याबद्दल पैसे कमी होणार नाहीत.

जेवण

थाळीत त्या दिवशी हर्णैच्या लिलावात मिळेल तो मासा. पापलेटच हवं, हे लिहून देता येत नाही. मार्गशीर्ष चालू असेल, तेव्हा न खाणाऱ्या किती आणि उपवासाच्या किती ते १५ तारखेलाच सांगा. त्यांचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही त्याच दिवशी. वाटेत उशीर झाला तर पहिल्या दिवशी जेवण ३ पर्यंत गरम ठेवू.

बाकीचं

सुवर्णदुर्गाची किंवा डॉल्फिनची होडी आमची नाही. ओळख करून देऊ, पण तिचे पैसे आणि तिचं रद्द होणं होडीवाल्याशी. गाडी पुळणीवर उतरवू नका, रुतली तर भरती थांबत नाही. रात्री १० नंतर स्पीकर बंद, तो कायदाच आहे. भेंड्या मात्र अंगणात कितीही वेळ चालू द्या. येताना प्रत्येकीने आधार कार्ड किंवा दुसरा पत्त्याचा पुरावा आणावा, रजिस्टरला लागतो.

हे सगळं पटत असेल तर '५ ऑक्टोबरच्या अटी मान्य' एवढं लिहून तुमच्या नंबरवरून पाठवा आणि मग आगाऊ भरा. एखादी अट खटकत असेल तर पैसे भरायच्या आधी बोला. दुपारी २ ते ४ सोडून कधीही.

आपले,
यजमान पती-पत्नी