अर्धा मेसेज

गाडी बोगद्यात शिरता शिरता मोबाइल वाजला. काकूचा मेसेज: ‘बाबा आज तुझ्याबद्दल विचारत होते. मला वाटतं, तू आता ये’

पुढे काही नाही. पूर्णविरामही नाही. आणि काकू तर नुसत्या ‘बरं’लासुद्धा पूर्णविराम देणारी!

त्याने फोन लावला. रेंज गेलेली. ये, की येऊ नकोस? शेवटच्या भांडणात बाबांनी दाराकडे बोट दाखवलं होतं. दोन्ही शक्य होतं.

समोरच्या आजोबांनी विचारलं, “वाईट बातमी?”

“अर्धीच आलीय.”

“मग उरलेली तिथे जाऊनच ऐका,” म्हणत ते चष्मा पुसू लागले.

जंक्शन आलं. घरची गाडी इथूनच सुटायची. त्याने बॅग ओढली, दारापर्यंत गेला, सॉकेटमधला चार्जर आठवला म्हणून मागे धावला, आणि गाडी हलायच्या आत उतरला.

जिन्यावर दुसरा मेसेज आला. ‘मधेच बटण दाबलं गेलं. येऊन जा, असं लिहायचं होतं. आणि त्यांचा रेडिओ आण. तुझ्याकडेच आहे म्हणतात.’

‘रेडिओ खोलीवर राहिला,’ त्याने कळवलं, ‘मी निघालोय,’ आणि तिकिटाच्या रांगेत घुसला.