ऑफिसचा डबा: श्रावणासाठी मासिक नोंदणी सुरू

दुपारी एक वाजता डबा उघडल्यावर पोळी मऊ असली पाहिजे. रोजच्या डब्यात आमचा सगळ्यात जास्त जीव त्यातच असतो. म्हणून आम्ही घडीच्या पोळ्या नऊनंतरच लाटायला घेतो. तव्यावरून उतरली की वाफ जाऊ देतो, मग सुती रुमालात गुंडाळून वरच्या खणात ठेवतो. तुमच्या ऑफिसात मायक्रोवेव्ह नसला तरी काही अडत नाही.

पूर्ण डबा: ४ पोळ्या, भाजी, आमटी किंवा उसळ, भात, कोशिंबीर. महिन्याचे २,८६० रुपये.
अर्धा डबा: ३ पोळ्या, भाजी, कोशिंबीर. महिन्याचे २,०९० रुपये.

महिना म्हणजे २२ डबे, सोमवार ते शुक्रवार. कुठल्याही तारखेपासून सुरू करा. सुट्टी असेल तर आदल्या रात्री ९ पर्यंत मेसेज टाका, तो डबा पुढे धरला जाईल. घरपोच नव्हे, थेट ऑफिसपोच, आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत.

या आठवड्यात काय आहे?

सोमवार: मटकीची उसळ, दुधीची भाजी, काकडीची कोशिंबीर. उपास असेल तर वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याची भाजी (रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा)
मंगळवार: भरली वांगी, साधं वरण, भात, लिंबाची फोड
बुधवार: अळूचं फदफदं, फरसबीची भाजी, भात
गुरुवार: पीठ पेरून सिमला मिरची, चिंचगुळाची आमटी, भात
शुक्रवार: मसालेभात, कढी, २ पोळ्या, मुगाची कोशिंबीर आणि थोडा गोडाचा शिरा

अळू बाजारात चांगला मिळाला तरच बुधवारी असेल, नाहीतर पालकाची ताकातली भाजी. खाजरा अळू आम्ही कुणाच्या घशाखाली उतरवणार नाही!

तेल बेताचं, तिखट मध्यम, खायचा सोडा अजिबात नाही. मसालेभातात आणि आमटीत गोडा मसाला घरी भाजून केलेला. श्रावणभर कांदा-लसूण नको असेल तर नोंदणी करतानाच सांगा, त्याचे जास्तीचे पैसे नाहीत.

डबा स्टीलचा. आज भरलेला द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा. त्यासाठी ३०० रुपये अनामत, डबे परत केलेत की पूर्ण परत. रिकामा डबा नुसता विसळून ठेवलात तरी पुरे.

कुठे पोचवतो: कर्वेनगर, कोथरूड, एरंडवणे, डेक्कन, सेनापती बापट रोड, मॉडेल कॉलनी, शिवाजीनगर. दुपारी १२ ते १२:४५ च्या दरम्यान. बाणेर-बालेवाडीत एका ऑफिसातून किमान ५ डबे असतील तर येतो. हिंजवडीहून बऱ्याच जणांनी विचारलंय, पण तिथल्या ट्रॅफिकमधून एकच्या आत पोचण्याची खात्री आम्ही देऊ शकत नाही, त्यामुळे सध्या तिकडची नोंदणी घेत नाही.

आधी चव बघायची आहे? एक पूर्ण डबा १४० रुपयांत मागवा, आवडला तर पुढचं ठरवा. नाव, ऑफिसचा पत्ता, पूर्ण की अर्धा, एवढं इनबॉक्समध्ये पाठवा. पैसे यूपीआयने किंवा रोख, महिन्याच्या सुरुवातीला.

#ऑफिसचाडबा #पुणे #कोथरूड #घरचंजेवण