वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त (विषय क्र. ४ पुरता उतारा)

सभा : रविवार, २४ ऑगस्ट २०२५, सकाळी १०.३० वा., संस्थेचे तळमजल्यावरील सभागृह, डोंबिवली (पूर्व). अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष.

विषय क्र. ४ : सन २०२४-२५ च्या हिशोबपत्रकांना मंजुरी देणे.

खजिनदारांनी हिशोबपत्रके वाचून दाखवली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मागील वार्षिक सभेने ४,८६,००० रुपये मंजूर केले असताना प्रत्यक्षात ५,३१,००० रुपये खर्च झाल्याकडे सदनिका ब-७०४ च्या सभासदांनी लक्ष वेधले. वाढीव ४५,००० रुपयांना मंजुरी कोणी दिली, असे त्यांनी विचारले. पाण्याच्या टाकीखालचे प्लास्टर काढल्यावर सळया गंजलेल्या आढळल्या, म्हणून व्यवस्थापक समितीच्या ठरावाने जादा काम करून घेतले, असा खुलासा खजिनदारांनी केला.

त्यानंतर बोलताना ब-७०४ च्या सभासदांनी खजिनदारांना उद्देशून वैयक्तिक स्वरूपाचे उद्गार काढले. अध्यक्षांनी त्यांना तिथेच थांबवले, हे उद्गार आक्षेपार्ह असल्याचा निर्णय दिला आणि ते मागे घेण्यास सांगितले. आपला प्रश्न दडपला जात आहे, असे म्हणून सभासदांनी प्रथम नकार दिला. खर्चाविषयीचा प्रश्न योग्य आहे, त्याचे उत्तर मिळेल व इतिवृत्तात नोंदही होईल, असे अध्यक्षांनी सांगितले. फक्त व्यक्तीबद्दल काढलेले शब्द मागे घ्यावेत, असे त्यांनी पुन्हा सांगितले. त्यावर सभासदांनी आपले शब्द मागे घेतले.

सभासदांनी माफी मागावी, अशी मागणी अ-२०२ च्या सभासदांनी केली. शब्द मागे घेतल्याने हा भाग संपला असल्याचे सांगून अध्यक्षांनी ती अमान्य केली.

उद्गार जसेच्या तसे इतिवृत्तात यावेत, असा आग्रह खजिनदारांनी धरला. मागे घेतलेले शब्द, त्यांचा आशय किंवा ते सुचवणारे वर्णन इतिवृत्तात घेऊ नये, असा निर्णय अध्यक्षांनी दिला. इतिवृत्त कायमस्वरूपी राहते व लेखापरीक्षकांपुढेही जाते, त्यामुळे ज्यांच्याविषयी ते बोलले गेले त्यांचाच त्यात पुन्हा अवमान होईल, असे त्यांनी सांगितले. खजिनदारांना स्वतंत्र लेखी तक्रार करण्यास मोकळीक असल्याचेही त्यांनी स्पष्ट केले. या निर्णयाशी आपण सहमत नसल्याची नोंद घ्यावी, असे खजिनदारांनी सांगितले. ती येथे घेतली आहे.

चर्चा पुढे सुरू झाली. जादा कामाचे बिल व समितीच्या ठरावाची प्रत सभेत फिरवण्यात आली. ठराव कामाचे पैसे दिल्यानंतरच्या तारखेचा असल्याचे ब-७०४ च्या सभासदांनी निदर्शनास आणले. सचिवांनी ते मान्य केले.

ठराव क्र. ४ : ४५,००० रुपयांचा वाढीव खर्च वगळून हिशोबपत्रके मंजूर करण्यात येत आहेत. या खर्चाचा लेखी खुलासा समितीने ३० दिवसांत सर्व सभासदांना द्यावा.
सूचक : सदनिका क-३०१. अनुमोदक : सदनिका ब-७०४. ठराव बहुमताने मंजूर.

इतिवृत्त लेखन : सचिव