गंभीर प्रतिकूल घटनेचा पहिला अहवाल: सहभागी क्र. 03-017

प्रति,
मा. अध्यक्ष, संस्थात्मक नैतिकता समिती, नाशिक

दि. 12 फेब्रुवारी 2024, दुपारी 1.00

महोदय,

टाइप 2 मधुमेहावरील आमच्या डबल-ब्लाइंड अभ्यासातील 58 वर्षांचे सहभागी (द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका) काल, रविवारी पहाटे 5.30 वाजता घरी बेशुद्ध आढळले. मुलाने त्यांना पिंपळगाव बसवंतच्या खासगी रुग्णालयात नेले. तिथे साखर 38 भरली. शिरेतून डेक्स्ट्रोज दिल्यावर ते शुद्धीवर आले. रुग्णालयात दाखल करावे लागल्यामुळे ही घटना गंभीर ठरते. आज सकाळी साखर 112 आहे, पण ती पुन्हा घसरू शकते म्हणून त्यांना अजून घरी सोडलेले नाही.

नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, 2019 प्रमाणे घटना घडल्यापासून 24 तासांत कळवायला हवे होते. ती मुदत आज पहाटे 5.30 ला संपली आणि मुलाचा फोन आम्हाला आला 9.40 ला. त्याने रविवारी दोनदा फोन केला होता. सहभागी कार्डावर केंद्राचा लँडलाइन नंबर आहे आणि रविवारी तो उचलायला कोणी नसते. चूक आमची आहे, कुटुंबाची नाही. आजपासून कार्डावर समन्वयकाचा मोबाइल नंबर देत आहोत. दुरुस्त कार्ड मंजुरीसाठी जोडले आहे.

मुलाला फोनवरच गोळ्या मोजायला लावल्या. 29 जानेवारीला दिलेल्या 28 पैकी 15 शिल्लक, म्हणजे 10 तारखेपर्यंतचे 13 डोस बरोबर जुळतात. मात्र त्याच पिशवीत ग्लिमेपिराइड 2 मिग्रॅची स्ट्रिप निघाली. गावातल्या डॉक्टरांनी ती 4 तारखेपासून सुरू केली होती. आम्हाला पत्ता नव्हता. त्यात शनिवारी माल काढणीची घाई, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी. सहभागी रात्री न जेवताच झोपले.

माझ्या मते मुख्य कारण ग्लिमेपिराइड आणि उपास. तरीही अभ्यास-औषधाचा संबंध नाकारता येत नाही, म्हणून 'संबंध शक्य' असे नोंदवले आहे. सांकेतिक क्रमांक उघडलेला नाही. उघडल्याने उपचारात फरक पडला नसता. अभ्यास-औषध थांबवले आहे.

मुलाने रुग्णालयात 12,000 रुपये अनामत भरली आहे. संबंध नाही असे सिद्ध होईपर्यंत उपचार मोफत मिळणे हा सहभागीचा हक्क आहे. त्यामुळे ही रक्कम लगेच परत करावी, असे प्रायोजकाला आजच लेखी कळवले आहे.

हाच अहवाल केंद्रीय परवाना प्राधिकरण व प्रायोजक यांनाही विलंबाच्या कारणासह पाठवला आहे. सविस्तर विश्लेषणाची 14 दिवसांची मुदत 25 फेब्रुवारीला, रविवारी संपते. आम्ही ते शुक्रवारी, 23 तारखेलाच देऊ. डिस्चार्ज कार्ड मिळताच पाठवतो.

सोबत: तिसऱ्या अनुसूचीतील तक्ता 5 नुसार माहिती, दाखल-नोंदीची प्रत, ग्लिमेपिराइडच्या चिठ्ठीचा फोटो (नाव झाकून), दुरुस्त कार्ड.

आपला विश्वासू,
प्रमुख संशोधक