स्वयंमूल्यमापन २०२४-२५: गुणवत्ता पर्यवेक्षक, द्राक्ष पॅकहाउस, पिंपळगाव बसवंत

माझं मुख्य काम युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या तपासणीचं. ग्रेपनेटवरची प्लॉट नोंदणी आणि रेसिड्यू रिपोर्ट जुळल्याशिवाय मी माल टेबलावर घेतला नाही. फेब्रुवारीच्या ऐन गर्दीत दिंडोरीच्या एका प्लॉटचा रिपोर्ट यायचा होता, म्हणून गाडी थांबवली. वाद झाला, पण तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

सर्वांत जास्त समाधान मालाच्या वेळापत्रकाचं आहे. दुपारी आलेले क्रेट प्रीकूलिंगआधी ताटकळायचे आणि घडांचे देठ सुकायचे. तोडणी सकाळी लवकर उरकावी म्हणून शेतकऱ्यांना आदल्या संध्याकाळीच वेळ कळवायला सुरुवात केली. खरेदीदारांच्या देठाबद्दलच्या तक्रारी कमी झाल्या. यात कोल्ड स्टोरेजच्या सहकाऱ्यांचा वाटा माझ्याइतकाच आहे.

नव्या पॅकिंग कामगार महिलांचं प्रशिक्षण मात्र अपुरं राहिलं. खराब मणी कात्रीने काढताना शेजारच्या मण्याला टोक लागू नये, हे प्रत्येकीला हातात घड देऊन शिकवावं लागतं. हंगाम सुरू झाल्यावर त्याला वेळच मिळत नाही. त्यासाठी डिसेंबरमध्ये दोन दिवस राखून ठेवावेत, ही विनंती.